जाड फाइल, पातळ फाइल

गर्भ राहतो पण टिकत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या जोडप्याच्या हातात बहुतेक वेळा एक फाइल असते. खाली दोन फाइलींची गोष्ट सांगतो आहे. त्या कुणा एकीच्या नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या खोलीत वर्षभरात ज्या प्रकारच्या फाइली येतात, त्यांवरून बेतलेल्या आहेत. पहिली इतकी जाड की तिला रबर लावावा लागतो. दुसरीत जेमतेम चार कागद. खरा आजार दुसरीत होता.

जाड फाइल तीस वर्षांच्या एका शिक्षिकेची. पहिला गर्भपात सातव्या आठवड्यात, दुसरा आठव्या. दुसऱ्यानंतर क्युरेटिंग झाले, दोन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी ‘सगळ्या टेस्ट एकदाच करून टाकू’ म्हणून लॅबचे एक पॅकेज घेतले गेले. त्यात ‘टॉर्च’ होती, होमोसिस्टिन होते, ‘एमटीएचएफआर’ नावाची जनुकीय चाचणी होती, एनके पेशी होत्या आणि अँटिकार्डिओलिपिन प्रतिपिंडे होती. रिपोर्टवर पाच-सहा ठिकाणी लाल अक्षरे. रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, एमटीएचएफआर ‘एका प्रतीत बदल’. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अँटिकार्डिओलिपिन आयजीएम १७, लॅबची मर्यादा १२.५. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले गेले : ‘एपीएलए पॉझिटिव्ह’. पुढच्या वेळी दिवस राहिले की नऊ महिने रोज पोटात रक्त पातळ ठेवण्याचे इंजेक्शन, असा सल्ला मिळाला. सासरी ‘सुनेच्या रक्तात दोष आहे’ अशी बातमी त्याआधीच पोचली होती.

या फाइलीतला एकेक कागद वाचू.

‘टॉर्च’ ही आपल्याकडे गर्भपातानंतर जवळजवळ प्रतिक्षिप्त क्रियेने लिहिली जाणारी चाचणी आहे. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पिस या संसर्गांच्या खुणा ती शोधते. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे हा संसर्ग कधीतरी होऊन गेला, किंवा रुबेलाच्या बाबतीत लस घेतली आहे. भारतातील बहुसंख्य प्रौढांच्या रक्तात सीएमव्हीचे आयजीजी सापडते. ते आजाराचे लक्षण नव्हे, प्रतिकारशक्तीची पावती आहे. शिवाय तर्कही साधा आहे. असा नवा संसर्ग एखाद्या गर्भारपणाला इजा करू शकतो, पण त्यानंतर शरीर सावध होते, त्यामुळे पाठोपाठच्या गर्भपातांचे कारण तो सहसा ठरत नाही. वारंवार गर्भपाताच्या तपासणीत टॉर्चला स्थान नाही, हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी केव्हाच सांगितले आहे. तरी आयजीजीच्या आकड्यावर महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या बायका आजही भेटतात.

एमटीएचएफआरमधला बदल इतका सर्रास आढळतो की त्याला दोष म्हणणेच चुकीचे. रक्ताच्या गुठळीकडे झुकवणारे खरे आनुवंशिक दोष वेगळे, म्हणजे फॅक्टर फाइव्ह लायडन, प्रथिन एस किंवा सी यांची कमतरता वगैरे. त्यांच्याबाबतही २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ‘अलाइफ-२’ या तिच्या नावानेच ती ओळखली जाते. असे आनुवंशिक दोष असलेल्या आणि दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या ३२६ स्त्रिया तिच्यात होत्या. निम्म्यांना हेपरिनची रोजची इंजेक्शने, निम्म्यांना फक्त नेहमीची देखरेख. जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण इंजेक्शनवाल्यांत ७२ टक्के, बाकीच्यांत ७१. म्हणजे केवळ गर्भपातासाठी ही चाचणी करून हाती जे येते त्यावर उपचार नाही. आई-बहिणीला किंवा स्वतःला शिरेत गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ही तपासणी गुठळीसाठी करायची असते.

रक्तातल्या एनके पेशींचे मोजमाप आणि नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपाय यांबद्दल एवढेच सांगतो की १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत या टोचणीने फायदा तर दिसला नाहीच, उलट गर्भपात वाढल्याचे दिसले. पुढे २००२ मध्ये तिथल्या औषध नियामकाने संशोधनाबाहेर तो उपचार थांबवला. आपल्याकडे त्याची पत्रके अजून दवाखान्यांतून मिळतात.

आता ‘एपीएलए’. इथे मात्र घाईने कागद बाजूला सारता येत नाही, कारण वारंवार गर्भपाताच्या कारणांपैकी ज्यावर खरोखर उपचार आहे, असे हेच ठळक कारण. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम किंवा एपीएस. पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांना आणि त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांना शरीर परके समजते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. पूर्वी वाटे की वारेत गुठळ्या होतात आणि बाळाचे रक्त तुटते. आता समजते आहे की ही प्रतिपिंडे वार तयार करणाऱ्या पेशींनाच थेट चिकटतात, तिथे दाह सुरू करतात आणि वार नीट रुजू देत नाहीत. गुठळ्या हा त्याचा एक भाग झाला, सगळी गोष्ट नव्हे.

हे निदान करण्यासाठी चाचण्या तीन : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. नंतरच्या दोन्ही आयजीजी व आयजीएम अशा दोन रूपांत मोजतात. काही लॅबमध्ये ‘एपीएलए’ नावाचीच एक एकत्रित चाचणी मिळते आणि ती केली की सगळे झाले असे रुग्णाला वाटते. तिच्यात ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नसते. म्हणजे तीनांतली सर्वांत वजनदार चाचणीच राहून जाते.

शिक्षिकेच्या १७ या आकड्याचे काय? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘सिडनी निकष’ डॉक्टर अजूनही वापरतात. त्यांनुसार अँटिकार्डिओलिपिनचा आकडा ४० च्या वर, किंवा निरोगी लोकांपैकी ९९ टक्क्यांच्या वर असायला हवा. लॅबच्या मर्यादेपेक्षा किंचित वर गेलेला आकडा त्यात बसत नाही. दुसरी अट त्याहून महत्त्वाची : किमान १२ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा चाचणी करून ती पुन्हा पॉझिटिव्ह यायला हवी. कुठलाही ताप, विषाणूचा संसर्ग, काही औषधे यांनी ही प्रतिपिंडे काही काळ डोके वर काढतात आणि आपोआप विरून जातात. शिक्षिकेची चाचणी क्युरेटिंगनंतर चौथ्या दिवशी, ताप नुकताच उतरलेला असताना झाली होती. एपीएसबाबत निर्णय घेण्यासाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

तीन महिने थांबून तिची तिन्ही प्रतिपिंडे पुन्हा तपासली. आयजीएम ६ वर आले होते, बाकी सर्व निगेटिव्ह. पहिल्या पानावरची ती मोठी अक्षरे खोडली. इंजेक्शनचा सल्लाही मागे घेतला. हे ऐकून ती खूश होईल असे वाटले होते, ती रडली. ‘मग माझं कारण काय?’ कारण सापडले होते, निदान त्याला नाव होते आणि उपचार होता; तो आधारच आम्ही काढून घेतला होता. ही बाजू आम्ही डॉक्टर फार कमी लक्षात घेतो. निरुपयोगी चाचण्या इतक्या खपतात याचे एक कारण लॅबचा नफा, दुसरे हे.

तिचा तिसरा गर्भही आठव्या आठवड्यात थांबला. या वेळी मात्र एक गोष्ट वेगळी केली. बाहेर आलेला गर्भाचा भाग गुणसूत्र तपासणीला पाठवला. हे सांगायला सोपे, पण इथेच सर्वाधिक चुका होतात. सवयीने परिचारिका नमुना फॉर्मालिनच्या बाटलीत टाकते, जसा पॅथॉलॉजीला पाठवतात तसा. फॉर्मालिनमध्ये पेशी मरतात आणि गुणसूत्रांची तपासणी होऊ शकत नाही. निर्जंतुक सलाइनमध्ये, लॅबला आधी विचारून, वेळेत पोचवायचा. नमुन्यात आईच्याच पेशी मिसळल्या तर ‘मुलगी, गुणसूत्रे सामान्य’ असा दिलासा देणारा पण चुकीचा अहवाल येतो, म्हणून ही भेसळ तपासली का हेही लॅबला विचारायचे. अहवाल आला : १६ क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन. गर्भपात झालेल्या गर्भांत सर्वाधिक सापडणारी ही तिहेरी आहे आणि त्यातून बाळ जन्माला येऊच शकत नाही.

आता विचार करा. तिसऱ्या वेळी ती रोज इंजेक्शन घेत असती, तर गर्भ तरीही गेलाच असता. मग निष्कर्ष निघाला असता की ‘डोस कमी पडला’. पुढच्या वेळी दुप्पट इंजेक्शन, जोडीला स्टिरॉइड. गर्भ तपासल्यामुळे कळले की या वेळी तिच्या रक्ताचा, पिशवीचा, खाण्यापिण्याचा किंवा गाडीवरून शाळेत जाण्याचा काही संबंध नव्हता. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निदान निम्म्यांच्या मागे गर्भाच्या गुणसूत्रांची अशी चूक असते, आणि वय वाढेल तसे हे प्रमाण वाढते. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२३ च्या सूचनांत तिसऱ्या व त्यापुढच्या गर्भपातात ही तपासणी करण्यास सांगितले आहे. नवरा-बायकोच्या रक्ताचे कॅरिओटाइप मात्र सरसकट नाही. गर्भात गुणसूत्राचा तुकडा इकडचा तिकडे जोडलेला आढळला, किंवा गर्भ तपासताच आला नाही, तर ते करायचे. १६ च्या तिहेरीत त्याची गरज नव्हती.

तिच्या बाबतीत आणखी दोनच तपासण्या केल्या : थायरॉइडसाठी टीएसएच, आणि पिशवीचा आकार पाहण्यासाठी थ्रीडी सोनोग्राफी. दोन्ही ठीक. चौथ्या वेळी तिला फोलिक अ‍ॅसिड आणि दर पंधरवड्याला सोनोग्राफी एवढेच दिले. सहाव्या आठवड्यात थोडे रक्त दिसले तेव्हा योनिमार्गे प्रोजेस्टेरॉन सुरू केले. पूर्वी गर्भपात झालेल्या स्त्रीला रक्तस्राव दिसू लागला तर याचा उपयोग होतो, असे ‘प्रिझम’ या ब्रिटिश चाचणीने २०१९ मध्ये दाखवले; तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्यांत फरक सर्वांत ठळक होता. रक्त दिसत नसताना, केवळ आधीच्या गर्भपातांवरून ते दिले तर मात्र २०१५ च्या ‘प्रॉमिस’ चाचणीत फायदा दिसला नव्हता. त्या चाचणीतली एक गोष्ट मी जोडप्यांना मुद्दाम सांगतो. ज्यांना फक्त खोटी गोळी मिळाली, त्यांच्यापैकीही ६३ टक्के स्त्रियांना पुढच्या गर्भारपणात जिवंत बाळ झाले, आणि या सगळ्या तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या स्त्रिया होत्या. शिक्षिकेला मुलगा झाला. तो कुठल्या उपचाराने झाला असे सांगण्याची माझी हिंमत नाही.

आता पातळ फाइल. तेहतीस वर्षांची बाई, बँकेत नोकरी. एकदाच दिवस राहिले. चौदाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचे अवयव सगळे व्यवस्थित, पण हृदयाचे ठोके थांबलेले. तिला सांगण्यात आले की एकदा होते असे, तीनदा झाले तर तपासण्या करू. ‘तीन’ हा नियम सुरुवातीच्या गर्भपातांसाठी आहे, आणि तिथेही अमेरिकी व युरोपीय संस्था आता दोनांवर आल्या आहेत. पण दहा आठवड्यांनंतर, नीट घडलेले बाळ कारणाशिवाय गेले, तर सिडनी निकषांनुसार एकदाच पुरे. कितवा गर्भपात याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कितव्या आठवड्यात हे विचारायला हवे.

त्या चार कागदांवर दोन खुणा होत्या. प्लेटलेट १ लाख ५ हजार. आणि पहिल्या तपासणीतला व्हीडीआरएल ‘किंचित रिअ‍ॅक्टिव्ह’, पण खात्रीची टीपीएचए चाचणी निगेटिव्ह. व्हीडीआरएल ही गरमी या आजाराची चाचणी. तिचा निकाल पाहून नवरा-बायकोत काय बोलणे झाले असेल याची कल्पना करवत नाही. खरे कारण असे की व्हीडीआरएलच्या रसायनात कार्डिओलिपिन असते. ज्या स्त्रीच्या रक्तात कार्डिओलिपिनविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, तिची ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

गर्भपाताला तीन महिने होऊन गेल्यावर तिची तिन्ही प्रतिपिंडे तपासली. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचे नाव दोन्ही बाजूंनी फसवे आहे. ते असण्यासाठी ल्युपस हा आजार असावा लागत नाही. आणि ‘अँटिकोअ‍ॅग्युलंट’ म्हणजे गुठळी रोखणारे, हे फक्त काचेच्या नळीत खरे. शरीरात ते उलट गुठळी घडवते. ही चाचणी घोणस सापाच्या पातळ केलेल्या विषाने करतात. घोणसचे विष रक्त गोठवते हे आपल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. नळीतल्या रक्तद्रवात ते विष घातले की ठरावीक सेकंदांत गोठण व्हायला हवे. प्रतिपिंड असेल तर ते विषाला लागणाऱ्या फॉस्फोलिपिडला अडकवून धरते आणि गोठायला उशीर होतो. मग जास्तीचे फॉस्फोलिपिड घालतात. उशीर नाहीसा झाला तर निकाल पॉझिटिव्ह.

चाचणी नाजूक आहे. रक्तद्रवात प्लेटलेट राहिल्या तर त्यांचे फॉस्फोलिपिड प्रतिपिंडाला शांत करते आणि खोटा निगेटिव्ह निकाल येतो. म्हणून नमुना दोनदा सेंट्रिफ्यूज करावा लागतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी काढलेले रक्त तसेच डब्यात ठेवून रात्रीच्या गाडीने पाठवले, तर येणाऱ्या अहवालाला अर्थ नाही. हेपरिन किंवा रक्त पातळ करणारी इतर औषधे चालू असतील तर उलट खोटा पॉझिटिव्ह निकाल येऊ शकतो. म्हणून नमुना औषध सुरू करण्यापूर्वी द्यायचा, आणि कुठले औषध चालू असल्यास लॅबला लिहून कळवायचे.

बँकेतल्या बाईंचे तिन्ही पॉझिटिव्ह आले. अँटिकार्डिओलिपिन आयजीजी ६८, बीटा-२ ही बरेच वर, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट स्पष्ट. बारा आठवड्यांनी पुन्हा तेच. तिन्ही असणे ही सर्वांत धोक्याची स्थिती. अशा स्त्रियांचा पाठपुरावा केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात (२०१२) ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट असलेल्यांपैकी ३९ टक्के गर्भारपणांत मोठी गुंतागुंत झाली, ते नसलेल्यांत ३ टक्के. शिक्षिकेच्या आयजीएम १७ आणि या अहवालात किती अंतर आहे, ते यावरून दिसावे.

इथे एक ताजा गोंधळ सांगायला हवा. अमेरिका व युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी २०२३ मध्ये एपीएसचे नवे, गुणांवर आधारित निकष आणले. त्यांत सुरुवातीच्या तीन गर्भपातांना मिळून एकच गुण, एकट्या आयजीएमलाही फक्त एक, आणि पात्र ठरायला लक्षणांचे तीन व रक्ताचे तीन गुण हवेत. या हिशेबात चौदाव्या आठवड्यातल्या एका मृत्यूला गुणच नाही. म्हणजे बँकेतल्या बाईही बाद. काही डॉक्टर त्यावरून उपचार नाकारू लागल्याचे ऐकतो. पण हे निकष संशोधनासाठी एकसारख्या रुग्णांचा गट निवडता यावा म्हणून आहेत, समोरच्या रुग्णाचे निदान करण्यासाठी नाहीत, असे ते बनवणाऱ्यांनीच स्पष्ट केले आहे. त्यांच्याकडून एवढे घ्यावे की किंचित वाढलेल्या आयजीएमला आता जगात कुणी फारशी किंमत देत नाही.

बाईंना दिवस राहण्यापूर्वीच रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केले. चाचणी पॉझिटिव्ह आली त्या दिवसापासून एनॉक्झापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज एक इंजेक्शन. या जोडीचा पाया १९९७ ची लंडनमधली एक चाचणी आहे : एपीएसच्या ९० स्त्रिया, नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्क्यांना जिवंत बाळ, हेपरिन जोडल्यावर ७१ टक्क्यांना. चाचणी छोटी आहे आणि नंतरचे सगळे अभ्यास इतके उजळ नाहीत. तरी एकत्रित पुरावा याच बाजूला झुकतो. उपचार म्हणजे हमी नव्हे, हे तिला आधीच सांगितले होते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब, बाळाची वाढ आणि डॉप्लर यांवर बारीक नजर ठेवली, कारण गर्भपात टळला तरी अशा वारेमुळे रक्तदाब चढणे आणि बाळ खुरटणे हे धोके राहतात. तसेच झाले. चौतिसाव्या आठवड्यापासून वाढ मंदावली आणि छत्तिसाव्यात प्रसूती करावी लागली. त्याआधीचे इंजेक्शन बारा तासांहून आधी बंद केले, म्हणजे पाठीत भूल देता यावी. मुलगी २ किलो १०० ग्रॅमची. तीन दिवस काचेच्या पेटीत राहिली, मग आईजवळ आली.

घरी जाताना इंजेक्शन आणखी सहा आठवडे चालू ठेवले. बाळंतपणानंतरचा हा काळ गुठळीसाठी सर्वांत वाईट. फाइलच्या पहिल्या पानावर या वेळी जे लिहिले ते असे : एपीएस, तिन्ही पॉझिटिव्ह, दोनदा खात्री केलेली. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, तांबी चालेल. पायाला एका बाजूने सूज आली, अचानक दम लागला किंवा बोलणे अडखळले तर ताबडतोब रुग्णालयात यावे. कुठल्याही शस्त्रक्रियेपूर्वी हे पान डॉक्टरांना दाखवावे.